भावाच्या नावावर घेतलेला फ्लॅट : बक्षीसपत्राआधी कागद तपासा

प्रश्न : मी मूळचा चाळीसगाव तालुक्यातला, सध्या सुरतला कापडाच्या धंद्यात आहे. २०१९ साली जळगावात ३६ लाखांचा फ्लॅट धाकट्या भावाच्या एकट्याच्या नावावर घेतला, कारण तो शिक्षक असल्याने त्याला कर्ज सहज मिळत होते. १४ लाख माझ्या खात्यातून थेट बिल्डरला दिले. २२ लाखांचे कर्ज भावाच्या नावावर आहे आणि हप्त्याचे साधारण १९ हजार मी दर महिन्याला त्याला पाठवतो. फ्लॅटमध्ये आई-वडील राहतात. "पैसे दादाचे, मी नावापुरता" असे भावाने शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिले आहे. सगळा पैसा पांढरा आहे. भाऊ आता बक्षीसपत्र करून द्यायला तयार आहे. करून घेऊ का? हे बेनामीत येते का?

उत्तर :

बक्षीसपत्र तूर्त करू नका. हा फ्लॅट कायद्याच्या व्याख्येत बेनामी ठरत असेल, तर भावाने तो तुमच्या नावावर परत करणेच कायद्याने मना आहे आणि तसा केलेला दस्त मुळापासून निरर्थक ठरतो. फ्लॅट बेनामी ठरत नसेल, तर कागदपत्रांची जुळवाजुळव करून दस्त काही महिन्यांनी केल्याने तुमचे काहीही बिघडत नाही. म्हणजे घाई केल्याचा लाभ कोणत्याच बाजूने नाही. त्यातच पती-पत्नी, मुले आणि नातवंडे यांना राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात जे २०० रुपयांचे नाममात्र मुद्रांक शुल्क लागते, ती सवलत भावाला नाही. मोठी रक्कम भरून निरर्थक दस्त हाती यावा, असे कोणाचेही होऊ नये.

मी जळगाव-धुळे भागात मालमत्तेच्या दस्तांचे आणि त्यांतून उद्भवणाऱ्या वादांचे काम करणारा वकील आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, आणि या विषयात एखाद्या कागदातील एका ओळीनेही उत्तर बदलते. त्यामुळे तुमचा फ्लॅट बेनामी आहे किंवा नाही, असा निर्वाळा मी येथे देणार नाही. तो निर्वाळा कोणत्या गोष्टींवर ठरेल आणि त्या तुम्ही कशा तपासाल, एवढे मात्र सविस्तर सांगतो.

सुरुवात तुमच्या "सगळा पैसा पांढरा आहे" या वाक्यापासून करतो, कारण याच वाक्यावर विसंबून अनेक जण निश्चिंत राहतात. बेनामी म्हणजे काळ्या पैशाची मालमत्ता, ही आपल्याकडची रूढ समजूत आहे. कायद्याची व्याख्या तशी नाही. १९८८ चा मूळ कायदा २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलला आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून नव्या स्वरूपात लागू झाला. त्यातील मुख्य व्याख्येचे दोन भाग आहेत. मालमत्ता एकाच्या नावावर असून तिचा मोबदला दुसऱ्याने दिलेला असावा, आणि ती मालमत्ता मोबदला देणाऱ्याच्या आजच्या किंवा पुढच्या, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष लाभासाठी धारण केलेली असावी. हे दोन्ही भाग जुळले की व्यवहार बेनामी होतो. पैसा कर भरलेला होता की दडवलेला, हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही. तो येतो अपवादांमध्ये, आणि तेथेही केवळ पांढरा पैसा पुरत नाही.

अपवादांपैकी तुमच्या कामाचे तीन आहेत. पहिला पती-पत्नी आणि मुलांचा. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या, पतीच्या किंवा मुलाच्या एकट्याच्या नावावर मालमत्ता घेतली, तर ती बेनामी नाही. दुसरा अपवाद भाऊ, बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, नातवंडे यांचा आहे, पण त्याला एक जादा अट जोडलेली आहे. पैसा ज्ञात उत्पन्नातला असला पाहिजे आणि पैसे देणारा व तो नातेवाईक या दोघांची नावे सहमालक म्हणून कोणत्याही एका दस्तऐवजात असली पाहिजेत. लोकांची चूक नेमकी येथे होते. पत्नीच्या नावावर चालते तर सख्ख्या भावाच्या नावावर का चालणार नाही, असे ते गृहीत धरतात. सख्खेपणाबद्दल शंका नसली, तरी कायद्याने त्या दोघांना वेगळ्या पंक्तीत बसवले आहे. मेहुणा, साडू, चुलतभाऊ, पुतण्या यांना तर या अपवादात जागाच नाही. त्यांच्याबरोबर आपले नाव जोडलेले असले तरी हा अपवाद मदतीला येत नाही.

तिसरा अपवाद एकत्र हिंदू कुटुंबाचा आहे, आणि खानदेशात तो अनेकदा नजरेतून सुटतो. कुटुंबाच्या ज्ञात उत्पन्नातून कर्त्याच्या किंवा एखाद्या सदस्याच्या नावावर मालमत्ता घेतली आणि ती कुटुंबातील सदस्यांच्या लाभासाठी असली, तर ती बेनामी नाही. तुम्ही १४ लाख "माझ्या खात्यातून" दिले असे लिहिले आहे. ते तुमच्या खात्यात कोठून आले, हे मात्र लिहिलेले नाही. ते सुरतच्या धंद्यातले असतील तर हा अपवाद लागू नाही. परंतु त्यातील काही रक्कम गावाकडच्या सामाईक जमिनीतील कापसाची, केळीची किंवा वडिलोपार्जित प्लॉट विकल्याची असेल, तर चित्र वेगळे होते. अशा वेळी सातबारा, व्यापाऱ्याच्या हिशेबपट्ट्या आणि त्या रकमा बँकेत जमा झाल्याच्या नोंदी या तिन्हींची एकमेकांशी सांगड बसावी लागते. "शेतीचे पैसे होते" एवढे तोंडी सांगणे कोणीही मान्य करत नाही.

आता दुसऱ्या अपवादातील "कोणत्याही दस्तऐवजात" या शब्दांकडे वळतो, कारण तुमचे प्रकरण बहुधा येथेच ठरेल. तो दस्तऐवज नोंदणीकृत खरेदीखतच असावा, असे कायदा म्हणत नाही. त्यामुळे खरेदीखतावर भाऊ एकटा असला तरी शोध तेथे थांबवू नका. फ्लॅटचा व्यवहार खरेदीखतापासून सुरू होत नाही. तो बिल्डरच्या कार्यालयात बुकिंगचा अर्ज भरला जातो तेव्हा सुरू होतो. त्या अर्जावर, त्यानंतर मिळालेल्या वाटपपत्रावर, नोंदणीपूर्वीच्या कच्च्या करारनाम्यावर किंवा पुढे सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर आणि सभासद नोंदवहीत तुमची दोघांची नावे आहेत का, ते पाहा. धुळ्यातील दोघा भावांच्या एका प्रकरणात खरेदीखत, सूची क्रमांक २ आणि घरपट्टी हे सर्व धाकट्याच्या एकट्याच्या नावावर होते, पण बिल्डरच्या फाइलमधील बुकिंग अर्जात "खरेदीदार क्रमांक १" आणि "खरेदीदार क्रमांक २" असे दोन रकाने दोघांच्या नावांनी व सह्यांनी भरलेले होते. कर्जाच्या सोयीसाठी पुढे एक नाव गळले होते. दोघेही तो अर्ज विसरून गेले होते, आणि आमच्या पुढच्या सर्व मांडणीचा आधार तोच अर्ज झाला.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. तुम्ही कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार असाल, तर त्याने तुम्ही सहमालक होत नाही. त्या कागदावरून परतफेडीची जबाबदारी दिसते, मालकी नव्हे. दुसरे असे की कागद व्यवहाराच्या वेळचा असेल तर त्याला वजन आहे. आज सोसायटीत अर्ज देऊन तुमचे नाव चढवून घेतले, तर २०१९ च्या व्यवहाराला ते संरक्षण देईल यावर मी विसंबणार नाही. जुनी तारीख घालून नवा कागद तयार करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. या कायद्याच्या कार्यवाहीत जाणूनबुजून खोटी माहिती किंवा खोटा दस्तऐवज दिल्यास सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे. आज जो प्रश्न मालमत्तेपुरता आहे, तो मग फौजदारी होऊन बसतो.

शंभराच्या स्टॅम्पवरील नोटरी केलेल्या कागदाला आपल्या भागात फार मान आहे. घरात लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला असतो आणि तोच आपला खरा पुरावा, असे घरातील सर्वांना वाटते. तुमच्या कागदातील शब्द प्रश्नात लिहिल्याप्रमाणेच असतील, तर त्याने मालकी सिद्ध होत नाही. "पैसे दादाचे, मी नावापुरता" या चार शब्दांत बेनामी व्यवहाराच्या व्याख्येचे दोन्ही भाग भावाच्या सहीने मान्य झालेले आहेत. मोबदला दुसऱ्याने दिला आणि नाव धारण करणाऱ्याला स्वतःचा लाभ नाही, हे सिद्ध करण्यासाठी प्राप्तिकर खात्याला एरवी बरेच परिश्रम करावे लागतात. हा कागद ते काम एका पानात करतो.

तरीही तो कागद पूर्ण वाचा, कारण अशा कागदांत मध्येच एखादे वेगळे वाक्य असते. "सदर फ्लॅट आम्हा दोघा भावांच्या सामाईक मालकीचा असून" अशा आशयाचे वाक्य त्यात आढळले, तर तोच कागद दोघांना सहमालक म्हणणारा दस्तऐवज म्हणून पुढे करता येईल. तो मान्य होईलच असे नाही, पण युक्तिवादाला जागा राहील. त्यात तुम्ही एकटे मालक आणि भाऊ केवळ नावाला असेच सर्वत्र म्हटले असेल, तर तो सहमालकीचा कागद होत नाही. दोन्ही परिस्थितींत तो फाडू नका, त्यात खाडाखोड करू नका आणि त्याऐवजी नवा कागद करू नका. मूळ कागद आहे तसा वकिलाला दाखवा. नोटरीच्या नोंदवहीत त्याची नोंद असते, त्यामुळे फाडून तो नाहीसा होतो असेही नाही.

अपवाद लागू झालाच नाही, तर मग मुख्य व्याख्या लागू होते का, हे पाहावे लागते. व्यवहार बेनामी आहे असे जो म्हणतो त्याने ते सिद्ध करायचे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या जयदयाळ पोद्दार प्रकरणात स्पष्ट केले आणि त्यासाठी सहा गोष्टी तपासायला सांगितल्या : पैसा कोठून आला, खरेदीनंतर ताबा कोणाकडे राहिला, दुसऱ्याचे नाव लावण्यामागे हेतू काय होता, दोघांचे नाते काय, मूळ कागद कोणाजवळ असतात आणि खरेदीनंतर दोघे कसे वागले. आजही प्रकरणे याच चौकटीत तपासली जातात. तुम्ही दिलेल्या माहितीवर ती चौकट लावून पाहू.

पैशाच्या बाबतीत १४ लाख स्पष्टपणे तुमचे आहेत. ते थेट तुमच्या खात्यातून बिल्डरकडे गेले आहेत, तेव्हा त्यावर वाद होण्याचे कारण नाही. २२ लाखांचे तसे नाही. ते कर्ज भावाने घेतले, फेडण्याची कायदेशीर जबाबदारी त्याची आहे, आणि हप्ता थकला तर बँक त्याच्या पगाराकडे पाहील. त्यामुळे त्या भागाचा मोबदला भावानेच दिला, असे म्हणण्यास चांगला आधार आहे. मात्र हप्ता त्याच्या खात्यातून कापला जाण्याआधी दर महिन्याला तेवढीच रक्कम सुरतहून त्या खात्यात येत असेल, तर प्राप्तिकर खाते म्हणेल की कर्ज नावापुरते होते आणि फेड तुमचीच आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येते. भावाने काही हप्ते स्वतः भरले असतील, किंवा तुम्ही पाठवलेली रक्कम कधी आई-वडिलांच्या घरखर्चासाठी असेल, तर त्या नोंदी या टप्प्यावर निर्णायक ठरू शकतात. बँकेचा उतारा महिन्यागणिक वाचावा लागतो तो याचसाठी.

ताबा आई-वडिलांकडे आहे. ते दोघांचेही आई-वडील असल्याने त्यांच्या राहण्यावरून फ्लॅट तुमच्या लाभासाठी आहे असे एकाएकी म्हणता येत नाही, आणि भावाच्या लाभासाठी आहे असेही म्हणता येत नाही. हेतू मात्र तुमच्या बाजूने बोलतो. सावकार, सरकारी देणे किंवा एखादा कायदा टाळण्यासाठी तुम्ही भावाचे नाव लावले नाही. कर्ज मिळावे म्हणून लावले. मूळ कागद बँकेत गहाण आहेत, म्हणून ती कसोटी येथे फारशी उपयोगाची नाही. राहिली नंतरची वागणूक. घरपट्टी आणि सोसायटीचे देणे कोण भरतो? भावाने आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घेतली आहे का? ही वजावट मालक म्हणून घेतली जाते. दरवर्षी शाळेकडे गृहकर्जाचे प्रमाणपत्र देऊन तो ती घेत असेल, तर सरकारसमोर तो स्वतःला मालक म्हणत आला आहे आणि स्टॅम्पवर त्याच्या उलट लिहून बसला आहे. ही विसंगती त्याला केव्हातरी समजावून सांगावी लागेल. ती तुमच्यापेक्षा त्याच्यासाठी अधिक अडचणीची आहे.

या सगळ्यातून तीन शक्यता निघतात, आणि तुमचा पुढचा मार्ग त्यांपैकी कोणती खरी आहे यावर अवलंबून आहे.

व्यवहाराच्या वेळचा सहमालकीचा कागद सापडला आणि १४ लाखांचा स्रोत विवरणपत्रांशी जुळला, किंवा पैसा एकत्र कुटुंबाचा निघाला, तर व्यवहार बेनामी नाही. तेव्हा परत हस्तांतराची बंदी लागू होत नाही. बँकेची लेखी संमती घेऊन नोंदणीकृत दस्ताने तुमचे नाव लावता येईल. त्या दस्तात व्यवहाराचा इतिहास आणि तो जुना कागद यांचा खरा उल्लेख असावा, म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर दस्तातच राहील.

दुसरी शक्यता अशी की ते १४ लाख तुम्ही खरोखर धाकट्या भावाला मदत म्हणून दिले होते, आई-वडिलांना जळगावात घर व्हावे आणि भावाचाही संसार उभा राहावा, हा विचार होता, आणि फ्लॅट आपला आहे असे तुमच्या मनात नंतर आले. भावाला दिलेल्या भेटीवर त्याला प्राप्तिकर लागत नाही. तसे असेल तर मालक भाऊ आहे, व्यवहार बेनामी नाही, आणि तो आपला फ्लॅट बँकेच्या संमतीने तुम्हाला देऊ शकतो, विकू शकतो किंवा मृत्युपत्राने ठेवू शकतो. पैसा उसनवार दिला असेल तर तुमचा हक्क पैशावर आहे, फ्लॅटवर नाही, आणि उसनवारीच्या वसुलीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ही भूमिका वस्तुस्थिती तशी असेल तरच घ्यावी. स्टॅम्पवरील मजकूर तिच्या थेट विरोधात जातो, हेही लक्षात ठेवा. सोयीची म्हणून घेतलेली भूमिका दोघांची वेगवेगळी चौकशी झाली की कोलमडते. असे होताना मी पाहिले आहे.

तिसरी शक्यता कटू आहे. सहमालकीचा कागद नाही, पैसा सर्व तुमचा, आणि फ्लॅट पहिल्या दिवसापासून तुमचाच, असे असेल तर व्यवहार व्याख्येत बसतो. मग घरच्या घरी करता येण्यासारखा सरळ उपाय उरत नाही. भावाने तुम्हाला किंवा तुमच्या वतीने वागणाऱ्या कोणाला फ्लॅट परत करणे निरर्थक आहे. तिसऱ्याला विकून पैसे तुम्ही घ्यावेत, हेही सुटकेचे दार नाही, कारण बेनामी मालमत्ता विकून आलेली रक्कमसुद्धा कायद्यात बेनामी मालमत्तेतच धरली आहे. दिवाणी न्यायालयात "खरा मालक मी आहे" असा दावा लावण्यालाही बंदी आहे. असे दावे साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण पैसे माझे, नाव त्याचे हे दाव्यातच लिहिलेले असते आणि त्यावरून दावा सुरुवातीलाच फेटाळण्याचा अर्ज येतो.

कारवाई झाली तर ती कशी होते, तेही थोडक्यात सांगतो. प्राप्तिकर विभागातील या कायद्याचा अधिकारी प्रथम ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला नोटीस देतो आणि खरा लाभधारक माहीत असेल तर त्याला प्रत पाठवतो. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या बदलानुसार उत्तरासाठी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, आणि नोटिशीचा महिना संपल्यापासून चार महिन्यांपर्यंत मालमत्ता तात्पुरती जप्त ठेवता येते. पुढे प्रकरण न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे जाते. तेथे एका वर्षात निर्णय अपेक्षित असतो आणि निर्णयाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते. नोटीस आल्यानंतर केलेले हस्तांतर विचारातच घेतले जात नाही, म्हणून "नोटीस आली तर तेव्हा बघू" हा हिशेब चुकीचा आहे.

मालमत्ता सरकारजमा होणे आणि तुरुंगात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारजमा होण्यासाठी व्यवहार बेनामी असणे पुरेसे आहे. शिक्षेसाठी मात्र एखादा कायदा निष्फळ करण्याचा, सरकारी देणे चुकवण्याचा किंवा धनकोंना टाळण्याचा हेतू दाखवावा लागतो. तो सिद्ध झाल्यास एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही सांगितलेला हेतू कर्ज मिळवण्याचा आहे. त्यामुळे तुमच्यापुढचा मुख्य धोका फ्लॅट जाण्याचा आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांचे व्यवहार १ नोव्हेंबर २०१६ च्या आधीचे आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. नवा कायदा जुन्या व्यवहारांना लावता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा निकाल अनेक जण अजूनही सांगतात. गणपती डीलकॉम प्रकरणातील तो निकाल न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःच मागे घेतला आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. तुमचा व्यवहार २०१९ चा असल्याने या वादाचा तुमच्याशी संबंध नाही.

खात्याला कळते कसे, असे मला नेहमी विचारले जाते. बिल्डरकडे तपासणी होते तेव्हा त्याच्या नोंदीत पैसे देणारा एक आणि खरेदीदार दुसरा असे दिसते. पण भाऊ-भाऊ प्रकरणांत माहिती बहुधा घरातूनच बाहेर जाते. वाटणीचा वाद उठतो, कोणीतरी रागाने वकिलाची नोटीस धाडतो आणि तीत "मीच खरा मालक, तो केवळ नावापुरता" असे ठणकावून लिहितो. ते वाक्य समोरच्यापेक्षा लिहिणाऱ्याला अधिक महागात पडते. तुम्ही आणि भाऊ या विषयावर व्हॉट्सॲपवर लिहीत असाल तर आता लेखी चर्चा थांबवा. जुने संदेश मात्र पुसू नका.

तुमचा भाऊ आज तयार आहे, प्रेमाने तयार आहे, म्हणून ही शेवटची गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितली पाहिजे. त्याला वेगळा वकील द्या. २०२४ च्याच बदलाने ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो माणूस पूर्ण व खरी माहिती देत असेल, तर त्याला अटींवर माफी मिळण्याची तरतूद आली आहे. खऱ्या लाभधारकाला ती नाही. म्हणजे तुम्हा दोघांचे हितसंबंध कायद्याच्या दृष्टीने एक राहिलेले नाहीत, आणि एकच वकील दोघांना प्रामाणिक सल्ला देऊ शकणार नाही. त्याची नोकरी सरकारी असेल तर स्थावर मालमत्तेची माहिती आपल्या खात्याला कळवण्याचे सेवा-नियमही त्याला लागू असतील. त्याने त्या वेळी काय कळवले, हे त्याच्या वकिलाने पाहिले पाहिजे.

पहिल्या भेटीसाठी हे बरोबर न्या : २०१९ चा तुमच्या बँक खात्याचा उतारा, त्यात १४ लाख ज्या रकमांतून साठले त्यांच्यासह, त्याच्या आधीच्या तीन वर्षांची विवरणपत्रे, हप्त्यासाठी पाठवलेल्या रकमांचा महिन्यागणिक तक्ता, नोटरीचा मूळ कागद, आणि सोसायटीकडील सभासद नोंदवहीच्या पानाची प्रत. नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडे मिळेल. बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी भाऊ कर्जदार म्हणून मागू शकतो. बुकिंगचा अर्ज आणि वाटपपत्र मागायला बिल्डरच्या कार्यालयात भावाला घेऊन स्वतः जा. तो प्रकल्प पूर्ण होऊन काही वर्षे झाली असतील, तर जुन्या फाइली तेथे फार काळ जपून ठेवल्या जातीलच असे नाही, म्हणून हे काम सर्वांत आधी करा.